पॅकेज ३.६० लाखांचं, मग खात्यात २२ हजारच का?

अहेरीतल्या माझ्या मावसभावाला पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. सीटीसी वर्षाला ३,६०,०००. त्याने मोबाईलवर १२ ने भागलं आणि महिना ३०,००० धरून पुण्यातली खोलीही बघायला लागला. मी म्हटलं, थांब, आधी शेवटच्या पानावरचा तक्ता उघड.

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुझ्यावर होणारा एकूण खर्च. तक्त्यात बेसिक महिना १५,००० होता. त्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कंपनी पीएफमध्ये भरते, पण ते पॅकेजमध्येच धरलेले असतात! ग्रॅच्युइटीचे ७२२ रुपयेही तसेच. ते साधारणपणे सलग पाच वर्षं टिकलास तर नोकरी सोडताना मिळतात. शिवाय वर्षाचे ३६,००० व्हेरिएबल पे, तेही काम बघून वर्षाअखेरीस. म्हणजे दरमहा आणखी ३,००० बाजूला.

उरला ग्रॉस पगार २४,४७८. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला, की खात्यात २२,४७८. एवढ्या पगाराला नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही.

कापलेला पीएफ खरंच भरला का, हे उमंग ॲपवर UAN टाकून पासबुकात दिसतं: तुझे १,८००, कंपनीचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरायचे असतात. स्लिपमध्ये कपात आहे आणि दोन महिने पासबुकात नोंद नाही, तर एचआरला ईमेलवर विचार, तोंडी नको.