थर्मल थ्रॉटलिंग

थर्मल थ्रॉटलिंग म्हणजे प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापल्यास त्याने स्वतःचा वेग आपोआप कमी करण्याची संरक्षक प्रक्रिया होय. सर्व्हरमध्ये ही प्रक्रिया सुरू झाल्यावर यंत्र बंद पडत नाही आणि वापरकर्त्याला त्रुटीचा संदेशही सहसा दिसत नाही. केवळ सर्व कामे संथ होतात. त्यामुळे मूळ दोष पंख्यात असूनही संशय प्रथम आज्ञावलीवर किंवा नेटवर्कवर घेतला जातो.

कार्यपद्धती

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी जवळजवळ सर्व वीज उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता हीटसिंक या धातूच्या पंखदार ठोकळ्याकडे जाते आणि पंख्याच्या हवेबरोबर बाहेर पडते. प्रोसेसरमधील संवेदकाने मर्यादा गाठल्याचे दर्शविताच क्लॉकची वारंवारता व विद्युतदाब उतरविले जातात. बहुतेक प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वीजखर्च वारंवारतेच्या प्रमाणात, तर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून दाब उतरविता येतो तोवर थोडा वेग सोडून बरीच उष्णता टाळता येते. दाब किमान पातळीला पोहोचल्यानंतर मात्र वेगच झपाट्याने घटवावा लागतो. तरीही तापमान वाढत राहिल्यास यंत्र स्वतःहून बंद होते. २००० साली आलेल्या इंटेलच्या पेंटियम ४ या प्रोसेसरात अशी स्वयंचलित व्यवस्था होती.

नांदेड–लातूर परिसरातील परिस्थिती

सर्व्हरकडे येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी अ‍ॅश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेची शिफारस आहे. नांदेड व लातूर येथे एप्रिल–मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. लहान कार्यालयांत यूपीएसवर सर्व्हर जोडलेला असतो, वातानुकूलन यंत्र मात्र नसते. वीज गेल्यावर सर्व्हर चालू राहतो आणि बंद खोली तापत जाते. याखेरीज कोरड्या दिवसांतील धूळ हीटसिंकच्या फटींत साचते व हवेचा मार्ग अडवते.

खोलीचा दोष की पंख्याचा?

उन्हाळ्यात मंदावलेल्या सर्व्हरचे खापर हवामानावर फोडले जाते आणि बंद पडलेला पंखा दुर्लक्षित राहतो. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी प्रोसेसरच्या तापमानातून आत येणाऱ्या हवेचे तापमान वजा करावे. सारख्याच भारावर हा फरक खोली तापल्याने फारसा बदलत नाही. पंखा बिघडल्यास किंवा धूळ साचल्यास तो वाढतो.

उदाहरणार्थ, एक प्रोसेसर पूर्ण भारावर १०० वॅट वीज घेतो, त्याची मर्यादा १०० अंश आहे आणि पंखा नीट चालत असताना दर वॅटमागे तो हवेपेक्षा ०.४५ अंशाने अधिक तापतो, असे मानू. येथे फरक ४५ अंश येतो. हवा २७ अंश असताना प्रोसेसर ७२ अंशांवर, तर ४० अंश असताना ८५ अंशांवर राहील. दोन्ही वेळा वेग कायम राहतो.

आता पंखा बंद पडून हे प्रमाण दुप्पट, म्हणजे दर वॅटमागे ०.९ अंश झाले, तर पूर्ण भारावरील फरक ९० अंश होईल. हवा २७ अंश असली तरी तापमान ११७ अंशांवर जाऊ पाहील. म्हणून प्रोसेसर आपला वीजखर्च सुमारे ८१ वॅटपर्यंत उतरवील. हवा ४० अंश असल्यास त्याला सुमारे ६७ वॅटवरच थांबावे लागेल. म्हणजेच खोली थंड केल्याने मंदपणा कमी होतो, पण दोष जात नाही.

तपासणी

इंटेल प्रोसेसर असलेल्या लिनक्स सर्व्हरवर पुढील आज्ञा उपयोगी पडतात:

```
grep MHz /proc/cpuinfo
cat /sys/devices/system/cpu/cpu0/thermal_throttle/core_throttle_count
ipmitool sdr type Fan
ipmitool sdr type Temperature
```

पहिल्या आज्ञेने सध्याची वारंवारता कळते. ती सर्व्हरवर भार असतानाच पाहावी, कारण रिकामा प्रोसेसर वीज वाचविण्यासाठीही वेग कमी ठेवतो. दुसरी आज्ञा यंत्र सुरू झाल्यापासून त्या गाभ्याचा वेग उष्णतेमुळे किती वेळा उतरविला गेला, हे सांगते. आकडा वाढत असल्यास थ्रॉटलिंग चालू आहे. उरलेल्या दोन आज्ञा पंख्यांचे दर मिनिटाचे फेरे आणि विविध ठिकाणचे तापमान दाखवितात. एक पंखा थांबल्यावर अनेक सर्व्हर इतर पंखे जोरात फिरवितात. त्यामुळे अचानक वाढलेला आवाजही बिघाडाची खूण ठरतो. आभासी यंत्राच्या आतून ही माहिती बहुधा मिळत नाही. तपासणी मूळ सर्व्हरवर करावी लागते.

उपाय

पंख्याचे फेरे शून्य दिसल्यास पंखा बदलावा. फेरे योग्य असूनही फरक वाढलेला असल्यास यंत्र बंद करून धूळ काढावी. त्यानंतरही तो न घटल्यास प्रोसेसर व हीटसिंक यांमधील वाळलेला थर्मल पेस्टचा लेप पुसून नवा लावावा. फरक पूर्वीइतकाच असून केवळ आत येणारी हवा तापलेली असेल, तर दोष खोलीच्या थंडाव्यात किंवा बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाण्यात शोधावा.