‘काही बोटी आल्या’

धाकट्या डहाणूला आमच्या आत्याकडे होतो तेव्हाची गोष्ट. वारा वाढला होता, गावातल्या सात बोटी समुद्रात होत्या. किनाऱ्यावरून चुलतभावाचा फोन आला, ‘‘आत्या, काही बोटी आल्या.’’ आत्या मटकन खाली बसली. तिच्या कानांनी ऐकलं होतं: सगळ्या नाही आल्या.

भाऊ खोटं बोलला नव्हता. तर्कशास्त्रात ‘काही’चा अर्थ फक्त ‘निदान एक’. सातही आल्या तरी ‘काही आल्या’ हे खरंच राहतं. ॲरिस्टॉटलपासून हा नियम चालत आला आहे: ‘सर्व’ खरं असेल तर ‘काही’ही खरं. ‘काही’मध्येच ‘सगळे नाहीत’ घुसवलं, तर ‘सर्व आल्या’ म्हणताच ‘काही आल्या’ खोटं ठरेल आणि हा नियमच मोडेल.

एकोणिसाव्या शतकात यावर चांगलीच जुंपली होती. स्कॉटलंडच्या विल्यम हॅमिल्टनला ‘काही’ म्हणजे ‘फक्त काही’ असं हवं होतं. ऑगस्टस डी मॉर्गन (जन्म आपल्या मदुराईचा, १८०६) याच्या मते काही म्हणजे एक किंवा अधिक, कदाचित सगळेही. पण मला जॉन स्टुअर्ट मिलचं १८६५चं उत्तर सगळ्यात पटतं. ‘सगळे नाहीत’ हे शब्दात नसतंच, ते ऐकणारा काढतो. सगळे असते तर हा तसं म्हणाला असता, असं त्याला वाटतं. सुमारे शंभर वर्षांनी, १९६७ साली, पॉल ग्राइसने हार्वर्डच्या व्याख्यानांत अशा सूचित अर्थांचा सिद्धान्त मांडला.

सूचित अर्थ ओळखायचा कसा? तो मागे घेता येतो. ‘काही आल्या, काही काय, सगळ्याच आल्या’ यात विसंगती नाही. पण ‘काहीच आल्या’ म्हणून पाहा. तो इवलासा ‘च’ येताच ‘सगळ्या नाहीत’ हे शब्दांतच बसतं, मग ‘सगळ्याच आल्या’ जोडता येत नाही. (आणि ‘काहीच नाही’मध्ये हाच ‘च’ भलतंच काम करतो, ते पुन्हा कधीतरी.) दुसरी खूण: ‘काही बोटी बाहेर असतील तर दिवा चालू ठेव.’ सातही बाहेर असल्या तरी दिवा चालूच ठेवायचा ना? ‘जर’च्या आत ती सूचना विरून जाते.

आत्याचं नेमकं कुठे चुकलं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मिलचा तर्क तेव्हाच चालतो, जेव्हा बोलणाऱ्याला पूर्ण माहिती असते. भावाला नव्हती. फोन केला तेव्हा त्याला चारच बोटी दिसल्या होत्या, बाकीच्या अंधारात होत्या. त्याच्या ‘काही’चा अर्थ होता: एवढ्या दिसल्या, पुढचं माहीत नाही.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन वाजला. आत्याने विचारलं, ‘‘किती?’’

‘‘सात.’’