गुराख्याची भृति आणि धन्याचें नुकसान

धर्मशास्त्राच्या पोथ्या जमविणाऱ्यांचें लक्ष बहुधा दायभाग व दत्तक या प्रकरणांकडे असतें. स्वामिपालविवादाचीं पानें चाळून बाजूस ठेवलीं जातात. चाकराच्या हलगर्जीपणामुळें धन्याचें नुकसान झालें असें म्हटलें जात असतां तें चाकराकडून कितपत भरून घ्यावें, हा प्रश्न मात्र याच पानांत सर्वांत बारकाईनें तपासलेला आढळतो.

याज्ञवल्क्याचा आरंभ मोजणीपासून आहे. सकाळीं जशीं गुरें सोपविलीं तशींच तीं गुराख्यानें सायंकाळीं परत करावीं. म्हणजे जें सोपविलेलेंच नाहीं, त्याचा जाब त्याला विचारतां येत नाहीं. मनूनें काळाचीही मर्यादा घातली आहे: दिवसां जबाबदारी गुराख्याची, रात्रीं गुरें धन्याच्या गोठ्यांत असल्यास धन्याची.

नुकसान झालें एवढ्यावरूनही दोष सिद्ध होत नाहीं. गाय खड्ड्यांत पडून मेली अथवा कुत्र्यांनीं मारली, आणि गुराख्यानें करावयाचा प्रयत्न केला नाहीं, तरच भरपाई. शेळ्यामेंढ्यांना लांडग्यांनीं वेढलें असतां तो धांवून गेला नाहीं, तर दोष त्याचा. पण राखणींत एकत्र चरत असतां लांडग्यानें अकस्मात् झडप घातली, तर तो निर्दोष. चोरांनीं उघड आरडाओरड करीत गुरें नेलीं, तर त्यानें योग्य स्थळीं व वेळीं धन्यास वर्दी दिली म्हणजे पुरे. जनावर आपोआप मेलें असल्यास कान, कातडें, शेपटीचे केस, बस्ति, स्नायु व गोरोचन धन्यास आणून द्यावें आणि खुणा दाखवाव्या, असें मनु सांगतो. ही केवळ कातड्याची हांव नव्हे. जनावर विकून तें मेल्याची बतावणी केली, तर हे अवयव आणतां येणार नाहींत. आणि जो प्रामाणिक आहे, त्याच्या हातीं निर्दोषत्वाचा पुरावा राहतो.

रकमेविषयीं नारद व मिताक्षराकार एकमतानें बोलतात. ओझें वाहणाऱ्याच्या दोषानें माल बिघडला, तर जेवढें नासलें तेवढेंच त्यानें द्यावें. राजकृत वा दैवी आपत्तीचें नाहीं. गुराख्याच्या बाबतींत याज्ञवल्क्यानें दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या आहेत. दंड निराळा, आणि धन्यास द्यावयाचें द्रव्य निराळें. धन्यानें आपलें नुकसान भरून घ्यावें. शिक्षेचा पैसा त्याच्या गांठीं जात नाहीं.

येथवर व्यवस्था निर्दोष दिसते. आतां नारदानेंच दिलेला भृतीचा दर घेऊन हिशेब करूं. शंभर गाई राखल्याबद्दल वर्षाला एक कालवड, आणि दर आठव्या दिवशींचें दूध. अशा गुराख्याच्या डुलकीमुळें एक दुभती गाय खड्ड्यांत मेली, तर तिचें मोल कालवडीहून अधिक. म्हणजे वर्षाची कालवड जाऊनही देणें फिटलें नाहीं. नुकसानाहून अधिक घेऊं नये, ही मर्यादा स्मृतींत आहे. पण भृतीचा अमुक भाग पोटापुरता सोडावा, अशी मर्यादा या वचनांत नाहीं. टीकाकारांच्या सूक्ष्मतेविषयीं मला फार आदर आहे, तरी ही उणीव आहे, असें म्हणणें भाग आहे.

१९३६ च्या वेतनविषयक कायद्याशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. एकावरून दुसरें निघालें, असा माझा दावा नाहीं. त्या कायद्यान्वयें ताब्यांत स्पष्टपणें सोपविलेला माल, अथवा ज्याचा हिशेब देणें चाकरास बंधनकारक होतें असा पैसा, एवढ्यांबद्दलच वजावट करतां येई. नुकसान त्याच्या हयगयीचा प्रत्यक्ष परिणाम असावें लागे. वजावट नुकसानाहून अधिक नसावी, आणि तत्पूर्वीं त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी, असें बंधन होतें. दंडाची बाब येथेंही निराळी होती. दंड रुपयामागें अर्ध्या आण्याहून अधिक नसे, आणि तो पैसा कामगारांच्याच हिताकडे लावावा लागे. चाळीस रुपये पगाराच्या माणसास सवा रुपयाहून अधिक दंड करतां येत नसे; पण त्याच्या हयगयीनें साठ रुपयांचा माल नासला, तर नुकसानभरपाईच्या वजावटीस पगाराच्या प्रमाणांत मर्यादा मूळ कायद्यांत नव्हती. नारदाच्या गुराख्याची जी अडचण, तीच याची.

ही फट १९६४ च्या दुरुस्तीनें बुजविली. सर्व वजावटी मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत, असें ठरलें. सहकारी संस्थेचें देणें त्यांत असल्यास मर्यादा पाऊणपट. २०१९ च्या वेतन संहितेंत निम्म्याची मर्यादा आली आहे, आणि सोपविलेला माल, प्रत्यक्ष हयगय व म्हणणें ऐकणें या तिन्ही अटीही आल्या आहेत.