वॉटरमार्क असलेल्या कागदावरचा तक्ता कॉम्प्युटरने नीट वाचावा म्हणून : आधी खालची छाप कशी काढायची

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथ भागात आणि पलीकडे किनवट, राजुऱ्यात अशी बरीच घरं आहेत, ज्यांच्या कपाटात दोन राज्यांचे जमिनीचे कागद एकत्र सापडतात. त्यात नवल नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सोयरीक आणि वाटण्या त्या रेषेआधीपासूनच्या आहेत. त्यामुळे एका भावाकडे तेलंगणाचं पट्टादार पासबुक असतं आणि दुसऱ्याकडे महाराष्ट्राचा सातबारा. वाटणीचा हिशोब करायची वेळ आली की दोन्हीकडचे तक्ते एका एक्सेल शीटमध्ये आणावे लागतात. चार-सहा पानं असतील तर हाताने टाइप करणं बरं. पन्नास पानं असतील तर माणूस स्कॅन करून ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, देतो. तिथेच गाडी अडते. अशा कागदांवर नक्कल टाळण्यासाठी आकड्यांच्या खाली फिकट राजमुद्रा, नाव किंवा रंगीत बारीक रेघांची नक्षी छापलेली असते. आपल्या डोळ्याला ती जाणवतही नाही. कॉम्प्युटरला मात्र ती रेघही अक्षरासारखीच दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे कागद पीडीएफ म्हणून डाउनलोड केलेला असेल तर त्यातला एखादा आकडा माऊसने सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहावा. आकडे जसेच्या तसे आले तर पुढचं काहीच करायची गरज नाही. मराठी किंवा तेलुगू अक्षरं विस्कटून आली तरी आकडे बहुतेक वेळा शाबूत असतात. काहीच सिलेक्ट झालं नाही तर ते पान म्हणजे नुसतं चित्र आहे. मग ते ३०० डीपीआयवर चित्र म्हणून काढायचं आणि खाली सांगितलं आहे तसं स्वच्छ करायचं.

कागद हातात असेल तर मूळ कागदच स्कॅन करावा, झेरॉक्स नको. झेरॉक्समध्ये फिकट नक्षी बऱ्याचदा गडद होऊन येते आणि रंगही निघून जातो. रंग गेला की नक्षी वेगळी काढायचा सगळ्यात सोपा मार्ग बंद होतो. म्हणून स्कॅनरवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ न निवडता ‘कलर’ निवडायचं, ३०० डीपीआय ठेवायचा आणि फाइल पीएनजीमध्ये जतन करायची. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते आणि अक्षरांच्या कडांवर खालच्या नक्षीचा रंग सांडतो.

आता खाली काय छापलंय ते बघायचं. जिंपसारख्या मोफत प्रोग्राममध्ये रंग टिपणारं हत्यार घेऊन तीन जागी टिचकी मारायची : कोरा कागद, नक्षीची रेघ आणि एखाद्या आकड्याचा जाड भाग. प्रत्येक ठिकाणी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे मिळतात. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. समजा एका पानावर कागद २४६, २४४, २३८ आला, गुलाबी नक्षी २४४, १९६, २०८ आली आणि शाई ४८, ४६, ५० आली. यातलं लाल खातं पाहा. कागद २४६ आणि नक्षी २४४, म्हणजे लाल खात्यात नक्षी जवळजवळ कागदातच विरघळली. शाई मात्र ४८वर काळीच आहे. तेव्हा लाल खातं तेवढं वेगळं काढलं की नक्षी गेली :

```
magick pan.png -channel R -separate lal.png
```

याचा नियम साधा आहे : नक्षी ज्या रंगाची, त्याच रंगाचं खातं घ्यायचं. गुलाबी किंवा तांबड्या नक्षीला लाल (`R`), हिरव्याला हिरवं (`G`), निळसर नक्षीला निळं (`B`). बहुतेक लोक इथे चूक करतात. ते चित्र सरळ ‘ग्रेस्केल’ करतात. ग्रेस्केल म्हणजे तिन्ही खात्यांची भेसळ आणि त्यात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा. वरच्या उदाहरणातली गुलाबी रेघ ग्रेस्केलमध्ये २१२च्या आसपास येते. पांढऱ्या कागदावर ती करडी रेघ म्हणून स्पष्ट उठून दिसते आणि एकदा अशी उठली की रंगाच्या आधारे पुसता येत नाही. आणखी एक सावधगिरी : नक्षी निळसर असेल आणि नोंदी निळ्या पेनाने लिहिलेल्या असतील तर निळं खातं घेताना नोंदीही फिक्या होतील. अशा पानाला पुढचा उपाय लागतो.

करड्या राजमुद्रेचं मात्र वेगळं आहे. तिचे तिन्ही आकडे सारखेच, समजा २१२, २११, २०९. कुठलंही खातं काढलं तरी ती तशीच राहते. इथे गडदपणाच्या आधारे काम करावं लागतं. शाई ५०च्या आसपास आणि मुद्रा २१०च्या आसपास आहे. म्हणजे १९०च्या वरचं सगळं पांढरं आणि ५०च्या खालचं सगळं काळं केलं की मधली छटा आपोआप ताणली जाते. २५५पैकी १९० म्हणजे सुमारे ७५ टक्के आणि ५० म्हणजे २० टक्के :

```
magick pan.png -colorspace Gray -level 20%,75% saf.png
```

मोबाइलने काढलेल्या फोटोत एका कोपऱ्यात सावली असते. तिथला कोरा कागदच १९०पर्यंत उतरतो आणि हा आकडा चुकतो. मग पानाची आधी ‘पार्श्वभूमी’ तयार करायची, म्हणजे बारीक काळी अक्षरं मिटवून फक्त सावली आणि मुद्रेचे रुंद भाग ठेवायचे. नंतर मूळ चित्राला तिने भागायचं :

```
magick pan.png -colorspace Gray \( +clone -morphology Close Disk:15 \) -compose Divide_Src -composite sapat.png
```

विंडोजवर कंसाआधीच्या उलट्या तिरक्या रेघा काढून टाकायच्या. मोठं पान असेल तर कॉम्प्युटर थोडा वेळ घेतो. हा उपाय रुंद मुद्रेवर छान चालतो. अक्षराएवढ्याच बारीक रेघांच्या नक्षीवर मात्र चालत नाही, कारण ती नक्षी अक्षरांबरोबरच मिटते आणि भागाकारात अक्षरांबरोबरच परत येते.

आता खरी धोक्याची जागा. ती आहे टिंब. जाड आकडा ५०वर काळा असतो, पण दशांश टिंब ३०० डीपीआयवर जेमतेम चार-पाच ठिपक्यांचं असतं. दाबलेल्या फोटोत ते दोन ठिपक्यांवर येतं. प्रत्येक ठिपक्यात थोडी शाई आणि थोडा कागद मिसळतो, म्हणून टिंब काळं न राहता १५० किंवा १७० असं करडं होतं. म्हणजे आपण पुसायला निघालेल्या मुद्रेच्या जवळ जाऊन बसतं. पान अगदी शुभ्र दिसावं म्हणून कुणी ७५ टक्क्यांऐवजी ५५ टक्के केलं, तर मुद्रेबरोबर टिंबंही जातात. पान सुंदर दिसतं आणि हिशोब बिघडतो. म्हणून आकडा निवडताना मुद्रा पूर्ण गेली का हे पाहण्याआधी सगळ्यात फिकट टिंब उरलं का हे पाहावं. मुद्रेची थोडी धूसर छटा राहिली तरी ओसीआर ती सोसतो. गेलेलं टिंब मात्र परत येत नाही. चित्र सरळ काळं-पांढरं करून टाकणाऱ्या `-threshold` पासूनही याच कारणासाठी लांब राहिलेलं बरं.

यानंतर क्षेत्राचा रकाना तेवढा कापून घ्यायचा, उभ्या-आडव्या रेघा बाहेर ठेवायच्या आणि टेसरॅक्टला फक्त आकडेच वाचायला सांगायचे :

```
tesseract rakana.png nikal --psm 6 -c tessedit_char_whitelist=0123456789.
```

आकडे देवनागरीत छापलेले असतील तर भाषा `-l mar` द्यायची आणि यादीत ०१२३४५६७८९ टाकायचं.

समजा तेलंगणाकडच्या चार सर्व्हे नंबरांचं क्षेत्र एकर-गुंठ्यात २.१५, १.०८, ०.३२ आणि ३.२० आहे आणि तळाशी एकूण ७.३५ छापलंय. ओसीआरने तिसरा आकडा ०३२ असा दिला. एक्सेल तो ३२ एकर धरेल. बेरीज भलतीच आल्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. दुसरी चूक लपून बसते. सगळे आकडे बरोबर वाचले तरी एक्सेलची बेरीज ६.७५ येते आणि माणूस ओसीआरला दोष देत बसतो. दोष ओसीआरचा नाहीच. इथलं टिंब दशांशाचं नाही, ते एकर आणि गुंठे वेगळे करतं. एकरात ४० गुंठे. एकर २, १, ०, ३ मिळून ६. गुंठे १५, ८, ३२, २० मिळून ७५, म्हणजे १ एकर ३५ गुंठे. एकूण ७ एकर ३५ गुंठे, छापलेल्या बेरजेशी जुळलं. एक्सेलमध्ये टिंबाच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगवेगळ्या रकान्यात ठेवूनच बेरीज करावी. ओसीआरची चूक पकडायला यातूनच एक फुकटची चाळणी मिळते : टिंबानंतरचा आकडा ४० किंवा त्याहून मोठा आला तर तो वाचताना चुकलाय. ३.२०चं ३.२६ झालं तर ही चाळणी ते सोडून देते, पण बेरीज सहा गुंठ्यांनी चुकते आणि मुद्रेचा गडद भाग ज्या ओळीवर आलाय तीच ओळ बहुधा गुन्हेगार निघते. ती ओळ मूळ कागदावर डोळ्यांनी वाचावी.

महाराष्ट्राकडचा सातबारा हेक्टर, आर आणि चौरस मीटर मोजतो, म्हणून दोन्ही तक्ते एकत्र करताना एकच माप धरावं लागतं. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा. वरचे ७ एकर ३५ गुंठे म्हणजे ३१५ गुंठे, म्हणजे सुमारे ३१,८६९ चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत ३ हेक्टर १८ आर ६९ चौरस मीटर. सातबाऱ्यात तर एका आकड्यात दोन टिंबं असू शकतात. त्यातलं एक पुसलं गेलं तर आर आणि चौरस मीटर एकमेकांत मिसळतात. तिथेही चाळणी आहे : आर आणि चौरस मीटर दोन्ही दोन-दोन अंकी, ९९च्या पुढे नाहीत.

स्वच्छ केलेलं चित्र फक्त वाचण्यासाठी, कागदपत्र म्हणून नाही. वॉटरमार्क हाच त्या कागदाच्या खरेपणाची खूण असतो. तो पुसलेली प्रत तहसीलला, बँकेत किंवा मीसेवा केंद्रात जोडली तर ती बनावट ठरायला वेळ लागणार नाही. म्हणून फाइलच्या नावातच ‘वाचण्यापुरती’ असं लिहून ठेवावं आणि मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवावा.