कवड्यांची चौपट : फुली, मार आणि चौऱ्यांशी घरांची वाट

तिगाव, पांढुर्णा आणि सौसर हा आपला भाग हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या सीमेवरचा. त्यामुळे एकाच खेळाला आपण चौपट म्हणतो, कोणी चौपड म्हणतो, तर नागपूर आणि त्यापलीकडचे पाहुणे सारीपाट म्हणतात. खेळ एकच असला तरी प्रत्येक घराचा नियम थोडा निराळा असतो. दोन घरांची माणसे एका पटावर बसली की पहिल्या दहा मिनिटांतच वाद होतो आणि मुले उठून लुडो मांडतात. हे टळावे म्हणून सात कवड्यांच्या डावाचे नियम आम्ही येथे एकत्र लिहून देत आहोत.

पट आणि सोंगट्या

पट अधिक चिन्हासारखा असतो. मध्ये एक चौक आणि त्याच्या चारही बाजूंना एकेक पट्टी. प्रत्येक पट्टीत तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरे, म्हणजे एका पट्टीत २४ आणि पूर्ण पटावर ९६ घरे. जुने पट कापडाचे, शिवलेले असत आणि गुंडाळून ठेवता येत. ओट्यावर खडूने आखलेला पटही तेवढाच चालतो.

फुल्या मात्र नेमक्या जागी काढाव्या लागतात. प्रत्येक पट्टीत तीन फुल्या असतात. मधल्या ओळीच्या टोकाच्या घरात एक, आणि दोन्ही बाजूंच्या ओळींत टोकाकडून मोजून चौथ्या घरात एकेक. अशा एकूण १२ फुल्या झाल्या. फुली एक घर जरी इकडेतिकडे झाली तरी पुढचा सगळा हिशेब चुकतो.

चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. सर्वसाधारणपणे पिवळा आणि काळा एका बाजूला, लाल आणि हिरवा दुसऱ्या बाजूला.

दान कसे मोजायचे

सातही कवड्या हातात खुळखुळवून एकदम टाकायच्या आणि तोंड वर करून पडलेल्या, म्हणजे उताण्या कवड्या मोजायच्या.

एक उताणी : १०
दोन उताण्या : २
तीन उताण्या : ३
चार उताण्या : ४
पाच उताण्या : २५
सहा उताण्या : ३०
सातही उताण्या : १४
सर्व पालथ्या : ७

१०, २५ आणि ३० या दानांबरोबर एक ‘पौ’ मिळते. पौ म्हणजे एक घर. ही तीन दाने पडली की पुन्हा टाकायलाही मिळते. मूळ दान एका सोंगटीने आणि पौ दुसऱ्या सोंगटीने चालली तरी चालते. दान किंवा पौ सोडून देण्याची मुभाही असते. हिंदीत नशीब फळफळले की ‘पौ बारह’ म्हणतात, त्यातली पौ ती हीच.

काही घरांत सहाच कवड्या घेतात. त्या डावात दानांची यादी वेगळी असते, म्हणून कवड्या सहा की सात हे पट मांडण्याआधीच ठरवावे.

वाट

चौकात बसलेली सोंगटी पौ आल्याशिवाय बाहेर येत नाही. पौ आली की ती आपल्या मधल्या ओळीच्या पहिल्या घरात बसते. तेथून ती आपल्याकडे येत आठव्या घरात, म्हणजे टोकाच्या फुलीवर पोहोचते. मग उजवीकडे वळून बाहेरच्या ओळींनी पूर्ण पटाला फेरी घालते, पुन्हा आपल्याच टोकाला येते आणि मधल्या ओळीने वर चढून चौकात जाते. पहिल्या फुलीपर्यंत ८ घरे, फेरीची ६८, आणि परत टोकापासून चौकापर्यंत ८. एकूण ८४. चौऱ्यांशीचा फेरा म्हटले की आपल्याला वेगळेच काही आठवते, पण पटावरचा हिशेब खरोखरच ८४ चा आहे.

परतीच्या वाटेवर मधल्या ओळीत चढणारी सोंगटी आडवी ठेवावी. उभी सोंगटी बाहेर निघालेली, आडवी सोंगटी घरी चाललेली. असे केले नाही तर टोकाच्या फुलीवरची सोंगटी जाते आहे की येते आहे यावर हमखास भांडण होते.

मार

फुली सोडून कोणत्याही घरात विरोधकाची सोंगटी असली आणि आपले दान नेमके तेथे संपले तर ती मरते. ती चौकात परत जाते आणि पुन्हा पौची वाट पाहते. मारणाऱ्याला आणखी एक दान मिळते. फुलीवरची सोंगटी मरत नाही, आणि विरोधकाला त्या फुलीवर बसताही येत नाही. आपल्या मधल्या ओळीत दुसरा कोणी येत नाही, म्हणून ती पूर्ण सुरक्षित.

येथे लुडोची सवय नडते. लुडोच्या फाशावर एकपासून सहापर्यंत सगळे आकडे येतात. कवड्यांच्या यादीत ५, ६, ८ आणि ९ नाहीतच. म्हणून विरोधकाच्या पुढे तीन किंवा चार घरांवर थांबणे सर्वांत धोक्याचे, आणि पाच किंवा सहा घरांवर थांबणे त्या मानाने बरे. मागे वळून विरोधक किती घरांवर आहे हे मोजल्याशिवाय सोंगटी सोडू नये.

कोणते दान किती वेळा पडते हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रत्येक कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असे धरले तर सात कवड्या १२८ प्रकारे पडू शकतात. त्यांत ३ आणि ४ प्रत्येकी ३५ वेळा, २ आणि २५ प्रत्येकी २१ वेळा, १० आणि ३० प्रत्येकी ७ वेळा, तर ७ आणि १४ फक्त एकेकदा. म्हणजे पंचवीस साधारण सहा दानांत एकदा पडते, तीस मात्र अठरांत एकदा. खऱ्या कवड्या इतक्या समान नसतात. एखादी पाठीवर फुगीर असली तर एकाच बाजूला जास्त पडते. शंका आली तर ती एक कवडी पन्नास वेळा टाकून पाहावी. पस्तीस-चाळीस वेळा एकाच बाजूवर पडली तर बदलावी.

पंचवीसाची वाट

आता एक सोंगटी घरापर्यंत नेऊन पाहू. पिवळ्याला पंचवीस पडले आणि पौ मिळाली. पौने एक सोंगटी बाहेर आली आणि पहिल्या घरात बसली. नवखा खेळाडू तेच पंचवीस लगेच तिलाच चालवतो. ती सव्विसाव्या घरात जाते, म्हणजे उजव्या शेजाऱ्याच्या टोकावरच्या फुलीच्या एक घर पुढे, अगदी उघड्यावर. पटावर दुसरी सोंगटी असेल तर पंचवीस तिला द्यावे, नसेल तर सोडून दिलेले बरे.

या सोंगटीला तीन पडेपर्यंत थांबवावे. तीन पडले की ती चौथ्या घरात येते. आपलीच ओळ, भीती नाही. आता पंचवीस पडले तर ती एकोणतिसाव्या घरात जाते, आणि मोजून पाहिले तर तेथे फुली आहे. तेथून तीस पडले तर एकोणसाठ, म्हणजे डाव्या शेजाऱ्याच्या टोकावरची फुली. आणि एकोणसाठातून चौक बरोबर पंचवीस घरांवर आहे. १, ३, २५, ३० आणि २५, बेरीज ८४. संपूर्ण फेरीत सोंगटी एकदाही उघड्यावर थांबली नाही.

तीसची वाट पाहत बसणे मात्र नेहमी परवडत नाही. एकोणतीसच्या पुढची फुली अडतिसाव्या घरात, नऊ घरांवर आहे. नऊ एका दानात पडत नाही, म्हणून २, ३, ४ असे तुकडे करावे लागतात आणि मध्ये दोनदा उघड्यावर थांबावे लागते. मागे विरोधक नसेल तेव्हा हे अंतर काढावे. अडतिसाव्या घरातून पंचवीस पडले तर त्रेसष्ट, तीही फुलीच.

शेवटची आठ घरे

चौकात जायला नेमके दान लागते. जास्त पडले तर सोंगटी जागची हलत नाही. टोकाच्या फुलीवरून चौक आठ घरांवर असतो. चार आणि चार, किंवा तीन, तीन आणि दोन असे पडत गेले की ती घरी जाते. पण तेथे सात पडले म्हणून घाईने चालले तर एकच घर उरते, आणि एक हे दान यादीत नाही. मग ती सोंगटी पौ येईपर्यंत तेथेच बसते. चारांत साधारण एकदा पौ येते, पण तीच पौ मेलेली सोंगटी बाहेर काढायलाही लागते. म्हणून दोन, तीन किंवा चार घरे उरतील अशा बेताने चालावे, एक घर उरू देऊ नये.

घरी जाण्याची घाई आणखी एका कारणाने महागात पडते. ज्याच्या चारही सोंगट्या घरी गेल्या त्याला पुढे दान मिळत नाही. भिडू एकटा उरतो, आणि त्याच्या एका दानाला समोरून दोन दाने पडतात. दोघांच्या आठही सोंगट्या पोहोचल्याशिवाय डाव जिंकला जात नाही. म्हणून भिडू मागे असेल तर शेवटची सोंगटी टोकाच्या फुलीवर थांबवता येते, किंवा वर न चढता दुसऱ्या फेरीला पाठवता येते. ती फिरत असेपर्यंत आपल्याला दान मिळत राहते आणि भिडूच्या मागे लागलेली विरोधकाची सोंगटी मारता येते.

लुडोची नोंदणी इंग्लंडमध्ये झाली, आणि तो याच खेळावरून बेतलेला आहे. चौकातून निघणे, मारणे, घरी जाणे हे सगळे त्यात आले. भिडूसाठी घराच्या दारात थांबून राहणे मात्र त्यात उरले नाही. मुलांना चौपट शिकवताना दाने आणि फुल्या त्या लवकर शिकतात. ही शेवटची गोष्ट शिकवायला चौघांनी पूर्ण डाव बसून खेळावा लागतो.