टक्केवारी किंमत दोलक (पीपीओ)

शेअर, निर्देशांक किंवा वस्तूंच्या भावातील गती टक्क्यांत मोजणारे तांत्रिक विश्लेषणाचे साधन. १२ दिवसांच्या आणि २६ दिवसांच्या घातांकी चल सरासरीतील (ईएमए) फरक काढायचा, त्याला २६ दिवसांच्या सरासरीने भागायचे आणि शंभराने गुणायचे, की पीपीओ मिळतो. भागाकार न करता तो फरक तसाच ठेवला तर ती एमएसीडी रेषा होते. बाजारात तिला ‘मॅकडी’ म्हणतात. एमएसीडी अमेरिकी विश्लेषक जेराल्ड अपेल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आणला. दोन्ही साधनांत मूळ रेषेची ९ दिवसांची ईएमए काढून तिला संकेतरेषा म्हणतात आणि मूळ रेषा व संकेतरेषा यांच्यातील अंतर स्तंभालेखाने दाखवतात. फरक एवढाच की एमएसीडीचे उत्तर रुपयांत किंवा अंशांत येते आणि पीपीओचे टक्क्यांत. वेगवेगळ्या भावपातळीचे शेअर शेजारी ठेवले की हा फरक निर्णायक ठरतो.

१३ जून २०२३ रोजी एमआरएफ या टायर कंपनीच्या शेअरने एक लाख रुपयांचा टप्पा गाठला. भारतीय बाजारात असे पहिल्यांदाच घडले. त्याच काळात व्होडाफोन आयडियाचा शेअर १० रुपयांच्या आत मिळत होता. या दोन टोकांवरचे दोन काल्पनिक शेअर घेऊ. एकाचा भाव १,००,००० रुपये असून तो गेले कित्येक दिवस रोज ५०० रुपयांनी चढतो आहे. दुसऱ्याचा भाव १० रुपये आणि त्याची रोजची वाढ ५ पैसे.

भाव एकाच लयीत सरळ चढत असेल तर १२ दिवसांची ईएमए भावाच्या साडेपाच दिवस मागे चालते आणि २६ दिवसांची साडेबारा दिवस मागे. दोन सरासऱ्यांतील अंतर म्हणजे सात दिवसांची वाढ. म्हणून पहिल्या शेअरचा एमएसीडी ७ × ५०० म्हणजे ३,५०० रुपये आणि दुसऱ्याचा ७ × ५ पैसे म्हणजे ३५ पैसे. हे आकडे शेजारी मांडून कोणालाही काही उमगणार नाही. आता भागाकार करू. पहिल्याची २६ दिवसांची सरासरी १,००,००० वजा ६,२५० म्हणजे ९३,७५० रुपये आणि दुसऱ्याची ९ रुपये साडेसदतीस पैसे. दोन्हींचा पीपीओ ३.७३ टक्के येतो. चढण एकसारखीच होती आणि ती आता एकसारखी दिसते.

या हिशेबातून पीपीओचा आकडा वाचायची एक सोपी रीतही हाती येते. तो सातने भागला की शेअर अलीकडे रोज सरासरी किती टक्के सरकतो आहे याचा ढोबळ अंदाज मिळतो. ३.७ चा पीपीओ म्हणजे रोजचा साधारण अर्धा टक्का. असे वाचन एमएसीडीतून मिळत नाही, कारण ३,५०० हा आकडा भाव माहीत असल्याशिवाय मुका असतो.

शेअर निवडण्यासाठी चाळणी लावणाऱ्यांना भावपातळीचा हा प्रश्न लगेच भेडसावतो. निफ्टी ५०० मधील शेअर एमएसीडीच्या आकड्यानुसार लावले तर तेजीत यादीच्या माथ्यावर एमआरएफ, पेज इंडस्ट्रीज, हनीवेल ऑटोमेशन, बॉश अशीच नावे येतात आणि मंदीत तीच तळाशी जातात. ती यादी गतीची नसून भावाच्या आकाराची असते. पीपीओवर लावलेल्या यादीत हा दोष राहत नाही.

एकाच शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या दीर्घ इतिहासातही तोच प्रश्न उभा राहतो. माझ्या मते पीपीओचा खरा उपयोग इथे अधिक आहे, आणि नेमका इथेच तो कमी वापरला जातो. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून १०० पासून मोजला जाणारा सेन्सेक्स २८ एप्रिल १९९२ रोजी, शेअर घोटाळा उघड झाल्यावर, सुमारे ५७० अंशांनी म्हणजे जवळजवळ १३ टक्क्यांनी कोसळला. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या भीतीने, तो ३,९३५ अंशांनी म्हणजे १३ टक्क्यांहून थोडा जास्त पडला. पैसे लावलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही दिवस सारखेच होते. एका दिवसाच्या घसरणीचा सुमारे आठ टक्के भाग एमएसीडी रेषेत उतरतो, कारण १२ दिवसांच्या ईएमएत नव्या भावाचे वजन १५.४ टक्के आणि २६ दिवसांच्या ईएमएत ७.४ टक्के असते. म्हणजे १९९२ च्या त्या दिवसाने एमएसीडी रेषा साधारण ४५ अंश खाली ओढली आणि २०२० च्या दिवसाने ३१४ अंश. चाळीस वर्षांचा एकच आलेख काढला तर पहिली हालचाल शून्याच्या रेषेला चिकटलेली दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते की तेव्हाचा बाजार शांत होता. पीपीओवर दोन्ही धक्के साधारण एकेका टक्क्याचे, म्हणजे सारख्याच उंचीचे उमटतात.

शेअरविभाजनाच्या वेळीही असेच होते. ५ जानेवारी २०२४ पासून नेस्ले इंडियाच्या एका शेअरचे दहा झाले आणि २७,००० रुपयांच्या आसपासचा भाव २,७०० च्या आसपास आला. जुने भाव विभाजनानुसार दुरुस्त केले की जुना एमएसीडीही दहापट लहान होतो. ‘हा शेअर एमएसीडी ४०० च्या वर गेला की थकतो’ अशी नोंद कोणी वहीत करून ठेवली असेल तर ती त्या दिवशी निकामी झाली. पीपीओच्या नोंदीला काही झाले नाही. भाव दुरुस्त न केलेली माहिती वापरली तर मात्र दोन्ही रेषा विभाजनाच्या दिवशी कड्यावरून पडल्यासारख्या दिसतात. अशी उभी घसरण दिसली की आधी कंपनीच्या घोषणा पाहाव्यात.

पीपीओ म्हणजे फक्त मोजपट्टी बदललेला एमएसीडी, असे बरेचदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. शून्यरेषा ओलांडण्याचा दिवस दोन्हींत नेमका एकच असतो, कारण धन संख्येने भागल्यावर चिन्ह बदलत नाही. संकेतरेषा ओलांडण्याचा दिवस मात्र एकच असेल असे नाही, कारण भाजकही रोज बदलतो. वरच्या उदाहरणातला शेअर रोज ५०० रुपयांनीच चढत १,५०,००० वर पोचला तर एमएसीडी ३,५०० वरच आडवा राहील. पीपीओ मात्र ३.७३ वरून २.४३ टक्क्यांवर उतरेल आणि वाटभर आपल्या संकेतरेषेखाली असेल. दीड लाखावर ५०० रुपये म्हणजे आता तिसरा हिस्सा टक्का, ही गोष्ट त्याने बरोबर टिपलेली असते. उलट शेअर रोज अर्ध्या टक्क्याने चक्रवाढीने वाढत १,००० चा २,००० झाला, आणि त्याला साधारण १३९ सत्रे लागतात, तर पीपीओ ३.३९ टक्क्यांवर स्थिर राहतो. त्याच काळात एमएसीडी ३२ वरून ६४ वर जातो आणि गती वाढते आहे असा भास निर्माण करतो. म्हणून भाव आणि दोलक यांच्यातील विसंगती शोधणाऱ्याने, विशेषतः काही महिन्यांत भाव दुपटीने वाढला असेल तर, एमएसीडीच्या नव्या उच्चांकाला पुरावा मानू नये.

गणना करताना एक चूक वारंवार होते. टीए-लिब या प्रसिद्ध संगणकीय संग्रहातील पीपीओ, काही सांगितले नाही तर, साध्या चल सरासरीवर चालतो. त्याच संग्रहातील एमएसीडी मात्र ईएमएवर चालतो. दोन्ही रेषा शेजारी काढल्या आणि त्या शून्यरेषा वेगवेगळ्या दिवशी ओलांडताना दिसल्या, तर सरासऱ्यांचे प्रकार जुळलेले नाहीत हे ओळखावे. पीपीओच्या फलनाला `matype=1` दिले की ते ईएमए वापरते. किंवा पायथनमध्ये सरळ असे लिहावे :

```python
fast = close.ewm(span=12, adjust=False).mean()
slow = close.ewm(span=26, adjust=False).mean()
macd = fast - slow
ppo = 100 * macd / slow
signal = ppo.ewm(span=9, adjust=False).mean()
```

शेवटच्या ओळीत संकेतरेषा पीपीओवरूनच काढली आहे. एमएसीडीची संकेतरेषा घेऊन तिला सरासरीने भागणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे उत्तरही थोडे वेगळे येते.

भावपातळीचा फरक गेला तरी स्वभावाचा फरक उरतो, ही पीपीओची मोठी मर्यादा. साबण आणि चहा विकणाऱ्या मोठ्या कंपनीचा शेअर वर्षातून क्वचितच ३ टक्के पीपीओ दाखवतो. छोट्या धातू कंपनीच्या शेअरला तो आकडा नित्याचा असतो. दोघांना ‘३ च्या वर म्हणजे अतिखरेदी’ अशी एकच सीमा लावली तर पहिल्यात ती क्वचितच लागेल आणि दुसऱ्यात सारखी लागेल. सीमा प्रत्येक शेअरच्या स्वतःच्या दोनतीन वर्षांच्या पीपीओवरून ठरवावी. स्वभावासह तुलना हवी असेल तर भाजक बदलावा लागतो : ईएमएंतील फरकाला सरासरी खऱ्या पल्ल्याने, म्हणजे एटीआरने, भागतात. फार स्वस्त शेअरमध्ये आणखी एक अडचण येत असे. ८ रुपयांच्या शेअरला ५ पैशांची किमान पायरी म्हणजे ०.६ टक्का, त्यामुळे आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होत असे. राष्ट्रीय शेअर बाजाराने जून २०२४ पासून २५० रुपयांखालील शेअरसाठी ही पायरी १ पैशावर आणल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

भाजक शून्याजवळ गेला किंवा ऋण झाला तर पीपीओ मोडतोच. शेअरचा भाव ऋण होत नाही, पण वायद्यांचा होऊ शकतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर ठरला आणि त्याच्याच आधारे मुंबईच्या एमसीएक्सने आपला एप्रिल वायदा पिंपामागे उणे २,८८४ रुपयांना निकाली काढला. दोन महिन्यांच्या वायद्यांतील भावफरकाचा आलेख काढणाऱ्यांकडे तर शून्य ओलांडणे ही रोजची गोष्ट असते. तिथे सरासरी ऋण झाली की पीपीओचे चिन्ह उलटते आणि चढती गती पडती दिसू लागते. भावफरकाच्या आलेखावर पीपीओ लावू नये, एमएसीडीच लावावा.