जर्मनीत बेरोजगारी भत्ता आणि मुदतपूर्व निवृत्तिवेतन एकाच वेळी मिळते का?

जर्मनीत नोकरी करणाऱ्याची नोकरी साठीनंतर सुटली, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात: रोजगार विमा निधीतून मिळणारा भत्ता किंवा वयापूर्वी घेतलेले निवृत्तिवेतन. दोन्ही पूर्ण रकमा एकाच काळासाठी मिळत नाहीत. तेथील सामाजिक संहितेच्या तिसऱ्या भागातील कलम १५६ नुसार पूर्ण वार्धक्य निवृत्तिवेतन मंजूर झाले, की त्या तारखेपासून भत्त्याचा हक्क स्थगित होतो. म्हणजे अग्रक्रम निवृत्तिवेतनाला. भत्त्याची रक्कम मोठी असली तरी वरचा फरक दिला जात नाही.

मात्र निवृत्तिवेतन आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यामुळे भत्ता चालू असताना अर्ज न करणे हा ज्याचा त्याचा निर्णय ठरतो, आणि खरा प्रश्न क्रमाचा आहे.

समजा, मार्च १९६४ मध्ये जन्मलेल्या एका कामगाराची नोकरी मार्च २०२७ अखेर, वयाच्या ६३ व्या वर्षी सुटली. त्याची ३५ वर्षांची विमा नोंद पूर्ण आहे आणि वेळेवर, म्हणजे ६७ व्या वर्षी, त्याला मासिक १६०० युरो मिळाले असते. लगेच निवृत्त झाल्यास दर महिन्यामागे ०.३ टक्का याप्रमाणे ४८ महिन्यांची १४.४ टक्के कपात होते आणि हाती १३६९.६० युरो येतात. ही कपात आयुष्यभराची असते. त्याऐवजी त्याने आधी भत्ता घेतला, तर ५८ वर्षांवरील पात्र व्यक्तीला तो २४ महिने मिळू शकतो. मूल नसल्यास तो निव्वळ पगाराच्या सुमारे ६० टक्के असतो. नंतर ६५ व्या वर्षी निवृत्तिवेतन घेतल्यास कपात ७.२ टक्केच राहते आणि रक्कम १४८४.८० युरो होते. शिवाय भत्त्याच्या काळात निवृत्तिवेतनाचा हप्ता जुन्या पगाराच्या ८० टक्क्यांवर भरला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष रक्कम आणखी थोडी वाढते.

हा हिशेब दोन ठिकाणी बिघडतो. स्वतःहून राजीनामा दिल्यास साधारणतः १२ आठवडे भत्ता बंद राहतो आणि एकूण मुदतीचा किमान चौथा भाग, म्हणजे येथे सहा महिने, कायमचा जातो. दुसरी अडचण ४५ वर्षांची नोंद पुरी करून कपातीविना निवृत्त होऊ पाहणाऱ्यांची. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या दोन वर्षांत भत्त्यावर काढलेला काळ या ४५ वर्षांत धरला जात नाही. मालकाचे दिवाळे निघाले किंवा कारखाना पूर्णपणे बंद झाला, तरच तो धरला जातो. ज्यांना थोडेच महिने कमी पडत आहेत, त्यांना ही अट फार महागात पडते.

भारतातून गेलेल्यांसाठी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे भारतातील भविष्य निर्वाह निधीची वर्षे निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी जोडता येतात. बेरोजगारी भत्त्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. तेथे जर्मनीतील विमा महिनेच मोजले जातात.